खोल समुद्रातील अँगलरफिश : नर मादीला जुळतो तेव्हा मादीचे शरीर त्याला नाकारत का नाही?

धागाकर्ता : अपारसिंधू

खोल समुद्रातील अँगलरफिशविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले गेले आहे, त्यात नर मादीला चिकटतो आणि कायमचा तिच्याशी एकजीव होतो एवढी एक ओळ हमखास असते. त्या ओळीच्या आत काय दडले आहे ते सविस्तर मांडावे आणि मला छळणारा एक प्रश्न जाणकारांपुढे ठेवावा, यासाठी हा धागा काढत आहे. सर्व जातींचा आढावा घेण्याऐवजी मी 'सेराटियस होलबोएली' ही एकच जात समोर ठेवतो, कारण या विषयाचा इतिहासही तिच्यापासूनच सुरू होतो.

सन १९२२ मध्ये आइसलँडचे मत्स्यशास्त्रज्ञ ब्यार्नी सेमुंडसन यांनी या जातीच्या एका मोठ्या मादीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्या पोटाच्या कातडीला दोन लहान मासे तोंडाने चिकटलेले होते, आणि ते इतके घट्ट होते की त्यांचे तोंड कोठे संपते आणि मादीची कातडी कोठे सुरू होते हे सांगता येत नव्हते. सेमुंडसन यांनी ती त्याच जातीची पिल्ले असावीत असे मानले. मात्र पिल्ले आईला अशी का जोडली गेली असावीत, याचे उत्तर आपल्याजवळ नाही हेही त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले. तीन वर्षांनी, १९२५ मध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील चार्ल्स टेट रीगन यांनी अशाच एका चिकटलेल्या माशाचे विच्छेदन केले. आतमध्ये त्यांना वृषण सापडले. ते पिल्लू नव्हते, तो त्या मादीचा नर होता. कणा असलेल्या कोणत्याही प्राण्यात असा प्रकार तोपर्यंत कोणी पाहिलेला नव्हता.

दोघांच्या आकारातील तफावत डोळ्यांपुढे आणल्याशिवाय सेमुंडसन यांचा समज किती स्वाभाविक होता हे कळत नाही. या जातीची मादी एक मीटरहून अधिक लांब होऊ शकते. सुटा पोहणारा नर मात्र बोटाच्या पेराएवढा असतो. लांबीत साठ पट आणि वजनात सुमारे पाच लाख पट, असा हा फरक काही जोड्यांत सांगितला जातो. मादीच्या डोक्यावर गळासारखा काटा असतो आणि त्याच्या टोकाला प्रकाश देणारे जिवाणू राहतात. नराला गळ नसतो, दिवा नसतो आणि भक्ष्य पकडण्याजोगे दातही नसतात. त्याच्या जबड्यांच्या टोकांना चिमट्यासारखी हाडांची छोटी टोके तेवढी असतात, आणि त्यांचा उपयोग मादीला धरण्यासाठीच होतो.

या माशांची पिल्ले समुद्राच्या वरच्या, उजेड पोहोचणाऱ्या थरात वाढतात. तेथे ती खातात, वाढतात आणि रूपांतर होण्याच्या सुमारास खाली उतरू लागतात. हजार मीटरच्या खाली काळोख असतो, पाणी जेमतेम काही अंश तापमानाचे असते, आणि एकाच जातीचे दोन मासे समोरासमोर येण्याची शक्यता फार थोडी असते. रूपांतरानंतर या जातीचा नर खात नाही. पिल्लू असताना अंगात जो साठा झाला असेल, तो संपायच्या आत त्याला मादी सापडली पाहिजे. सापडली की तो तिला चावून धरतो. मादीची कातडी चावलेल्या जागी वाढून त्याच्या तोंडाभोवती येते, दोघांच्या ऊती एकमेकांत मिसळतात, आणि पुढे दोघांच्या रक्तवाहिन्याही जोडल्या जातात. त्यानंतर नराचे पोषण मादीच्या रक्तातून होते.

माझा प्रश्न येथून सुरू होतो. एका माणसाची कातडी दुसऱ्याला लावली तर काही दिवसांत शरीर ती टाकून देते. माशांचेही तसेच होते, एका माशाचा खवला दुसऱ्याच्या अंगावर बसवला तर तो टिकत नाही. मग या मादीचे शरीर एका अख्ख्या परक्या माशाला आयुष्यभर कसे सांभाळते? नर आणि मादी एकाच जातीचे आहेत एवढे कारण पुरेसे नाही, कारण आपणही सगळे एकाच जातीचे आहोत.

---

प्रतिसाद : शंखपुष्पी

विषय फार सुंदर मांडला आहे. माझ्या वाचनात आलेले येथे जोडते. अँगलरफिशचा नर मादीला वासावरून शोधतो, त्यासाठी त्याच्या नाकपुड्या प्रचंड मोठ्या असतात. चिकटल्यावर त्याचे डोळे, आतडी, मेंदू, हृदय असे सर्व अवयव हळूहळू विरघळून जातात आणि अखेरीस मादीच्या अंगावर केवळ वृषणांची एक गाठ उरते. तसे असेल तर आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच असावे असे मला वाटते. नकार द्यायला तेथे परका प्राणीच शिल्लक राहत नाही, आणि उरलेली छोटी गाठ शरीर खपवून घेत असेल.

---

प्रतिसाद : खारवारा

शंखपुष्पी, आपण लिहिलेले बरेचसे योग्य आहे, पण ते सगळ्या अँगलरफिशला लागू पडत नाही, आणि गाठीची गोष्ट तर मुळातच वस्तुस्थितीला सोडून आहे. माझे शिक्षण सागरी जीवशास्त्रातले आहे आणि जतन केलेल्या खोल समुद्री माशांच्या बाटल्यांशी माझा पुष्कळ संबंध आला आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम वासाविषयी. खोल समुद्रातील या माशांची अकरा कुळे आहेत आणि जाती दीडशेहून अधिक. त्यांतील बहुतेक कुळांच्या नरांत नाकपुड्या खरोखरच मोठ्या असतात आणि ते वासाचा माग काढत असावेत हा तर्क सर्वमान्य आहे. परंतु धागाकर्त्यांनी घेतलेल्या सेराटियसच्या कुळात नराच्या नाकपुड्या लहान असतात आणि डोळे वाटीसारखे मोठे असतात. तो बहुधा दिवा पाहून येतो. मादीच्या गळाच्या टोकाची ठेवण प्रत्येक जातीत निराळी असते, त्यामुळे आपल्या जातीची मादी ओळखण्याची खूण तीच असू शकते. लिनोफ्रायनिडी नावाच्या आणखी एका कुळात नराला डोळे आणि नाकपुड्या दोन्ही मोठ्या मिळालेल्या आहेत.

आता विरघळण्याविषयी. सेराटियसच्या नरात मादीला जुळल्यावर डोळे निकामी होतात, कारण पुढे त्यांचा उपयोग उरत नाही. आतड्यालाही काम राहत नाही. पण नराचे शरीर लहान होत नाही, उलट वाढते. जुळलेला नर हा त्याच जातीच्या कोणत्याही सुट्या नरापेक्षा कितीतरी मोठा असतो, काही नमुन्यांत तर तो बोटाहून लांब झालेला आढळला आहे. त्याला स्वतःचे हृदय असते, पर असतात, कल्ले असतात. काही नमुन्यांत त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना लहान फटी मोकळ्या राहिलेल्या दिसतात, आणि त्यांतून पाणी आत जाऊन कल्ल्यांवरून फिरत असावे असे मानले जाते. म्हणजे अन्न मादीचे आणि श्वास मात्र काही प्रमाणात स्वतःचा, अशी त्याची स्थिती असावी. तेव्हा परका प्राणी शिल्लक राहतो, तो वाढतो आणि मादीच्या शरीराला त्याची वाढती ऊती सोसावी लागते. धागाकर्त्यांचा प्रश्न यामुळे सोपा होण्याऐवजी अवघड होतो.

तिसरी गोष्ट अशी की सर्व जातींत नर कायमचा जुळत नाही. 'मेलानोसेटस' या काळ्या, गोलसर माशाच्या जातींत नर मादीला काही काळ चावून धरतो, बीजांड आणि शुक्राणू पाण्यात सोडले गेले की सुटतो, आणि ऊती एक होत नाहीत. एकदा तर या मेलानोसेटसचा एक नर 'सेंट्रोफ्रायनी' या अगदी निराळ्या कुळातील मादीला चिकटलेला सापडला होता, आणि त्याची नोंद १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे ऊतींची जुळणी नव्हती. जाळ्याच्या टोकाला शेकडो जीव एकत्र कोंबले जातात, तेव्हा नराने मिळेल ते धरले असण्याचा संभव मोठा आहे. नमुना हातात घेणाऱ्याने याचे भान ठेवावे लागते. चिकटलेला दिसला म्हणजे जुळलेला असे होत नाही. कातडीचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर नराची ऊती आणि मादीची ऊती यांच्यामधली सीमा पुसली गेली असेल, तरच ती जुळणी म्हणायची.

---

प्रतिसाद : मृगशीर्ष

लेख आवडला. मला यातून असे समजले की नर लहान असतो आणि पुढे मोठा होतो. विदूषक मासा म्हणून जो प्रवाळात राहतो, त्याच्यातही सर्वांत मोठी मादी मेली की नराची मादी होते. अँगलरफिशचा नरही पुढे वाढून मादीच होत असेल का? तसे असेल तर चिकटणे ही मधली अवस्था ठरेल.

---

प्रतिसाद : खारवारा

नाही, येथे लिंगबदल होत नाही. अगदी लहान पिल्लांतही मादी वेगळी ओळखता येते, कारण तिच्या डोक्यावर भावी गळाचा उंचवटा दिसू लागतो आणि नराच्या पिल्लात तो नसतो. डेन्मार्कचे एरिक बर्टेल्सन यांनी 'दाना' या जहाजाच्या मोहिमांत गोळा झालेल्या पिल्लांवर आणि प्रौढ माशांवर आधारित जो प्रबंध १९५१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यामुळे पिल्लू कोणत्या जातीचे आणि कोणत्या लिंगाचे हे ठरवणे शक्य झाले. त्यापूर्वी तर सुट्या नरांचे एक स्वतंत्र कुळच मानले जात होते. त्या कुळातील प्रत्येक मासा नर कसा, अशी शंका निघाल्यावर १९३० मध्ये आल्बर्ट पार यांनी हे सारे अँगलरफिशचे सुटे नर आहेत हे दाखवून दिले.

आपल्या प्रश्नाच्या जवळची एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. सेराटियसच्या कुळात सुट्या नराचे वृषण अपक्व असतात, आणि ज्या मादीला नर जुळलेला नाही तिची बीजांडेही पक्व झालेली आढळत नाहीत. जुळणी झाल्यावरच दोघेही प्रजननक्षम होतात. म्हणजे जुळणीतून दोघांमध्ये अन्नाबरोबर काही संदेशही जात असावेत. ते संप्रेरकांचे असावेत असे मानणे स्वाभाविक आहे, परंतु जिवंत जोडी कोणाच्या प्रयोगशाळेत कधी ठेवता आलेली नसल्यामुळे ते मोजून दाखवलेले नाही.

---

प्रतिसाद : सोनटक्का

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, तरीही हा धागा वाचताना मला राहवले नाही. माझ्या मोठ्या बहिणीला आमच्या आईने मूत्रपिंड दिले आहे. आई आणि मुलगी, रक्तगट जुळलेला, सर्व तपासण्या अनुकूल, आणि तरीसुद्धा ताईला सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबून ठेवली नाही तर तिचे शरीर आईचे मूत्रपिंड परके मानून त्याच्यावर हल्ला करील असे डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले होते. एकदा गोळीचे प्रमाण कमी पडले तेव्हा रक्तातील क्रिएटिनिन चढू लागले, आणि त्यावरूनच नकाराची सुरुवात झाल्याचे लक्षात आले. दुसऱ्या बाजूने, गोळ्यांमुळे साधी सर्दीसुद्धा तिला आठवडा-आठवडा सोडत नाही. घरात कोणी आजारी असले की आम्ही तिला वेगळ्या खोलीत ठेवतो.

म्हणून मला विचारावेसे वाटते की या मादीजवळ अशी कोणती गोळी आहे? आणि तिची प्रतिकारशक्ती जर दबलेली असेल तर ती इतर रोगांनी मरत का नाही?

---

प्रतिसाद : खारवारा

सोनटक्का, आपल्या ताईंच्या प्रकृतीला आराम असो. आपण विचारलेले दोन्ही प्रश्न या विषयाच्या गाभ्याचे आहेत, आणि त्यांतील पहिल्याचे उत्तर २०२० पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या वर्षी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील माक्स प्लांक संस्थेतील जेरेमी स्वान, थॉमस बोएम आणि त्यांचे सहकारी यांनी अँगलरफिशच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या माशांवर ज्यांनी आयुष्य वाहिले ते वॉशिंग्टन विद्यापीठाचे थिओडोर पीच हेही त्यात होते. त्यांनी १० जातींच्या ३१ नमुन्यांतून जनुके वाचली. जिवंत मासे मिळत नाहीत, म्हणून जतन केलेल्या ऊतींवरच भिस्त ठेवावी लागली. त्यांना असे दिसले की या माद्यांजवळ कोणती गोळी नाही. ज्या यंत्रणेला आपण गोळ्यांनी दाबतो, ती यंत्रणाच त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांत गमावली आहे.

आपल्या शरीरात परक्या ऊतीवर दोन प्रकारे हल्ला होतो. एक प्रकार मारक टी-पेशींचा. या पेशी परक्या पेशीला स्पर्शाने ओळखून ठार करतात, आणि प्रत्यारोपण झालेल्या अवयवाला सर्वांत मोठा धोका त्यांच्याकडून असतो. दुसरा प्रकार प्रतिपिंडांचा. प्रतिपिंड रक्तात फिरतात, आणि एकाच शत्रूशी पुन्हा पुन्हा गाठ पडली की ते अधिकाधिक अचूक होत जातात. स्वान यांच्या अभ्यासात ज्या जातींचे नर तात्पुरते चिकटतात, त्यांच्यातही प्रतिपिंडांना अधिक अचूक करणारे जनुक बिघडलेले किंवा नाहीसे झालेले आढळले. ज्या जातींत जुळणी कायमची असते, तेथे मारक टी-पेशींना लागणारी जनुकेही गेलेली होती. आणि ज्या जातींत एकाच मादीला एकाहून अधिक नर जुळतात, त्यांतील काहींत तर 'रॅग' नावाची दोन्ही जनुके सापडली नाहीत. त्यांच्यावाचून टी-पेशी आणि प्रतिपिंड यांतले काहीच तयार होत नाही. माणसाच्या बाळात रॅग जनुक निकामी असले तर साधा जंतुसंसर्गही त्याच्या जिवावर बेततो आणि अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण करावे लागते. या माद्या मात्र तशाच जन्मतात, वाढतात, आणि चार चार नर अंगावर बाळगून अंडी घालतात.

अशा अनेक नरांचे प्रमाण किती असू शकते तेही सांगतो. सेराटियसच्याच कुळातील 'क्रिप्टोप्सारस कुएसी' या जातीच्या एका मादीवर आठ नर जुळलेले आढळले आहेत.

---

प्रतिसाद : हापूसवाला

आमच्याकडे रत्नागिरीला आंब्याची कलमे बांधतात. रायवळच्या रोपावर हापूसची काडी बसवतात, पट्टी बांधतात, दीड-दोन महिन्यांत दोघांची साल एक होते आणि पुढे मुळे एकाची व फळ दुसऱ्याचे असे झाड शंभर वर्षे जगते. मला हा माशाचा प्रकार अगदी तसाच वाटतो. झाडाला जर हे जमते, तर त्यात प्रतिकारशक्ती गमावण्याची इतकी मोठी किंमत माशाला का मोजावी लागली? काही सोपी वाट असली पाहिजे.

---

प्रतिसाद : अपारसिंधू

हापूसवाला, जोड दिसायला तशीच आहे, रस वाहून नेणाऱ्या नळ्या मिळणे आणि रक्तवाहिन्या मिळणे यांतही साम्य आहे. परंतु झाडात परक्या पेशीला शोधून मारत फिरणाऱ्या पेशी नसतात. झाड आपला बचाव जागच्या जागी, प्रत्येक पेशीपुरता करते. त्यामुळे जवळच्या जातीची काडी त्याला सहज चालते, आणि लांबच्या जातीची काडी टिकत नाही याची कारणे निराळी असतात. कणा असलेल्या प्राण्यांनी सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी 'आपला आणि परका' हा भेद पेशीपेशीत ओळखणारी यंत्रणा कमावली. ती गमावल्याशिवाय दोन शरीरे जुळण्याची सोय राहिली नाही, असे खारवारा यांच्या प्रतिसादातून मला समजते.

सोपी वाट मात्र निसर्गात एक आहे, आणि ती आपल्या सर्वांच्या जन्माशी निगडित आहे. आईच्या पोटात वाढणारे मूल हे अर्धे परकेच असते. तेथे वार मध्ये असते, आईचे रक्त आणि मुलाचे रक्त मिसळत नाही, आणि वारेच्या पेशी आईच्या टी-पेशींना थोपवून धरतात. नऊ महिन्यांपुरता हा समझोता चालतो आणि आईची प्रतिकारशक्ती शाबूत राहते. अँगलरफिशने तसे काही का केले नाही, हे मला खारवारा यांना विचारायचे आहे.

---

प्रतिसाद : खारवारा

'का केले नाही' याचे उत्तर देणे कठीण असते, पण फरक कोठे आहे ते सांगता येईल. वार हा मुलाच्या शरीरातूनच तयार होणारा स्वतंत्र अवयव आहे. नराच्या तोंडापाशी तसा कोणताही मधला अवयव नाही. मादीची कातडी वाढून एक उंचवटा होतो, तो नराच्या तोंडात शिरतो, आणि दोघांच्या कातडीखालील थर थेट एकमेकांना भिडतात. 'हॅप्लोफ्रायनी मोलिस' या जातीच्या जोडीचे सूक्ष्म छेद बर्टेल्सन आणि त्यांचे सहकारी मुंक यांनी १९८३ मध्ये अभ्यासून प्रसिद्ध केले होते. शिवाय येथे काळ नऊ महिन्यांचा नाही. नर जुळला की मरेपर्यंत जुळलेला राहतो.

---

प्रतिसाद : शंखपुष्पी

गाठीविषयीचा माझा समज आता दूर झाला, खारवारा यांचे आभार. परंतु सोनटक्का यांचा दुसरा प्रश्न तसाच राहिला आहे. ज्या मादीजवळ टी-पेशी नाहीत आणि प्रतिपिंडही नाहीत, ती रोगजंतूंशी कशी लढते? मला असे वाटते की खोल समुद्रात रोगजंतूच नसतात. थंडी, दाब आणि काळोख यांत जंतू कसे टिकतील?

---

प्रतिसाद : खारवारा

खोल समुद्राच्या प्रत्येक थेंबात जिवाणू आणि विषाणू असतात, आणि या माशांच्या अंगावर परजीवीही सापडतात. या माद्या स्वतःच्या गळाच्या टोकाशी जिवाणू पाळतात, आणि ते जिवाणू त्यांना आईकडून न मिळता पाण्यातूनच मिळवावे लागतात असे अलीकडच्या अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजे जंतूंना आत घेणे आणि नको त्या जंतूंना दूर ठेवणे ही दोन्ही कामे या शरीराला येतात. त्यामुळे जंतू नसल्याने मादी वाचते हे स्पष्टीकरण टिकणारे नाही.

संशोधकांचा स्वतःचा तर्क असा आहे की जन्मजात प्रतिकारशक्तीने ही जागा भरून काढली असावी. जंतू गिळणाऱ्या पेशी आणि जंतूंना भोके पाडणारी लहान प्रथिने यांना पूर्वओळख लागत नाही, आणि त्या यंत्रणेची जनुके या माशांत आहेत. मात्र ती इतर माशांपेक्षा अधिक समर्थ आहे हे अजून कोणी प्रत्यक्ष दाखवलेले नाही. हा तर्क अगदीच निराधार नाही हे कॉड माशावरून दिसते. अटलांटिक कॉडने टी-पेशींना मदत करणाऱ्या यंत्रणेचा एक मोठा भाग गमावला आहे, हे २०११ मध्ये त्याची जनुके वाचली गेली तेव्हा समजले. तरीही तो मासा उत्तर अटलांटिकमध्ये माणसाने अतोनात मासेमारी करीपर्यंत अमाप होता. माशांच्या शरीरात ही यंत्रणा आपल्याइतकी अपरिहार्य नसावी असे त्यावरून मानायला जागा आहे.

---

प्रतिसाद : सोनटक्का

आपण इतक्या आस्थेने उत्तर दिलेत, मनापासून आभार. आता मला एकच गोष्ट उलगडत नाही. आधी काय झाले असेल? प्रतिकारशक्ती आधी गेली आणि म्हणून नर जुळू शकला, की नर आधी जुळू लागला आणि म्हणून प्रतिकारशक्ती गेली? ताईच्या बाबतीत आधी गोळ्या सुरू केल्या आणि मगच मूत्रपिंड बसवले. उलट क्रमाने ते शक्यच नव्हते.

---

प्रतिसाद : खारवारा

येथे मी आपल्याला ठाम उत्तर देऊ शकत नाही. तात्पुरते चिकटणाऱ्या जातींतही प्रतिपिंडांचे एक जनुक गेलेले आहे, यावरून प्रतिकारशक्तीची ढिलाई आधी सुरू झाली आणि तिचा फायदा घेऊन जुळणी पुढे आली असे म्हणता येते. पण याच पुराव्याचा दुसराही अर्थ लागतो. चावून धरलेल्या जागी जखम होते, दोन शरीरांचे द्रव एकमेकांना लागतात, आणि तेवढ्यानेही तीव्र प्रतिक्रिया देणाऱ्या मादीचे नुकसान होऊ शकते. म्हणजे तात्पुरत्या चिकटण्यामुळेच ढिलाई सुरू झाली असेल. त्यात भर म्हणजे कायमची जुळणी असलेली कुळे वंशवृक्षावर एकमेकांना लागून नाहीत, तेव्हा ही सवय एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवली असावी, आणि प्रत्येक वेळी क्रम एकच असेल असे मानण्याचे कारण नाही. १० जाती वाचून झाल्या आहेत आणि दीडशेहून अधिक जातींतील बाकीच्या वाचायच्या राहिल्या आहेत.

माझे स्वतःचे मत पहिल्या शक्यतेकडे झुकते. शाबूत टी-पेशी असलेल्या मादीला जुळू पाहणारा नर काही दिवसांत मेला असता, आणि त्याची संतती झालीच नसती.

---

प्रतिसाद : अपारसिंधू

मला दुसरी शक्यता अधिक पटते. खोल पाण्याचे तापमान जेमतेम काही अंश असते, आणि थंडीत माशांचा नकार फार सावकाश होतो हे जुन्या खवल्यांच्या प्रयोगांतून दिसलेले आहे. काही आठवडे टिकलेला नरसुद्धा एखाद्या विणीला पुरला असेल. ज्या मादीचा नकार थोडा अधिक मंद, तिला थोडी अधिक संतती, असे होत होत शेवटी ती यंत्रणाच नाहीशी झाली असेल. त्यासाठी एकदम मोठी उडी मानावी लागत नाही.

---

प्रतिसाद : खारवारा

थंडीचा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता आणि तो वजनदार आहे. त्याची परीक्षा कशी होऊ शकेल तेही लिहून ठेवतो. ज्या जातींत टी-पेशींची जनुके अर्धवट बिघडलेली आहेत, पण पूर्ण गेलेली नाहीत, आणि नर कायमचा जुळतो, अशी एखादी जात सापडली तर आपली बाजू बळकट होईल. उलट नर अजिबात न जुळणाऱ्या जातीत टी-पेशींची जनुके गेलेली आढळली तर माझी.

अशी जोडी जिवंत पाहण्याची संधी मात्र फार दुर्मीळ आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये अझोर्स बेटांपैकी साओ जॉर्जजवळ, सुमारे ८०० मीटर खोलीवर, कर्स्टन आणि योआखिम याकोबसेन या दांपत्याने आपल्या पाणबुडीतून 'कॉलोफ्रायनी जॉर्डनी' जातीच्या मादीचे चित्रीकरण केले, आणि ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या पोटाखाली नर जुळलेला स्पष्ट दिसतो. ती पाण्याबरोबर जवळजवळ न हलता तरंगते, तिच्या परांचे लांब तंतू सर्व बाजूंना पसरलेले असतात, आणि नर तिच्या हालचालीबरोबर हलतो. मात्र ही जोडी आधीच जुळलेली होती. नर पहिल्यांदा चावतो तेव्हापासून रक्तवाहिन्या मिळेपर्यंत किती दिवस लागतात, हे सांगायला आपल्याजवळ केवळ बाटल्यांतील नमुने आहेत, आणि त्यांतला प्रत्येक नमुना कोणत्या दिवशीचा आहे हे बाटलीवर लिहिलेले नसते. जुळणीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे छेद एकाच जातीचे आणि पुरेशा संख्येने मिळाले, तर निदान टप्प्यांचा क्रम तरी लावता येईल. 'हॅप्लोफ्रायनी' आणि 'निओसेराटियस' या दोन जातींवर तसे काम झाले आहे. ज्या सेराटियसवरून हा धागा सुरू झाला, तिच्या सुरुवातीच्या टप्प्यातील जोड्या जाळ्यात येणे मात्र दुरापास्त आहे, कारण नुकताच चावलेला नर जाळे वर ओढताना गळून पडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.